वह्या का जाळल्या, हे दीडशे शब्दांत

इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही विचारा, चुकीच्या उत्तरांपेक्षा जास्त वैताग कशाचा येतो? उत्तर बहुधा असे मिळेल : सगळे बरोबर लिहिलेले असते, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. उदाहरणादाखल एक प्रश्न घेऊ. ‘१८७५ च्या दख्खनच्या उठावात शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या कागदपत्रांवर का होता?’ आणि त्याचे नेहमी दिसणाऱ्या वळणाचे हे उत्तर :

‘१८७५ मध्ये दख्खनमध्ये शेतकऱ्यांनी उठाव केला. इंग्रजांनी रयतवारी पद्धत आणली होती. या पद्धतीत शेतसारा रोख भरावा लागे. सावकार जास्त व्याज घेत. अमेरिकेत यादवी युद्ध झाले. त्यामुळे कापसाचे भाव वाढले व नंतर पडले. शेतकरी कर्जबाजारी झाले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव झाला. नंतर तो अहमदनगर जिल्ह्यात पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७९ मध्ये कायदा झाला.’

यातले एकही वाक्य खोटे नाही. मुलाने पाठांतर मनापासून केले आहे. पण प्रश्न कागदपत्रांचा होता आणि ‘कागद’ हा शब्द उत्तरात एकदाही आलेला नाही. परीक्षकाला अकरा सुट्या गोष्टी हाती मिळाल्या. त्यांची सांगड घालायचे काम त्याच्यावरच टाकले आहे, आणि तो ते करत बसणार नाही. असे उत्तर दोन पाने वाढवता येते, चार पाने वाढवता येते. कुठे थांबायचे हे सांगणारे त्यात काही नसते. लांबण लागते ती इथूनच.

यावर एक साधी रीत आहे. इंग्लंडमधल्या शाळांत इतिहासाचे उत्तर लिहायला ती सर्रास शिकवतात, आणि आपल्याकडे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्येही आता तिचा बोलबाला आहे. एका परिच्छेदात एक मुद्दा, त्याला एक पुरावा आणि त्या पुराव्याचे स्पष्टीकरण. ऐकायला इतके सोपे की ‘यात शिकण्यासारखे काय?’ असे वाटावे. पण कागदावर उतरवायला बसले की तिन्ही ठिकाणी पाय घसरतो, आणि तिसऱ्या ठिकाणी हमखास.

आधी हा प्रसंग थोडा जवळून पाहू, म्हणजे पुढचे बोलणे हवेत राहणार नाही. सुपे हे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले बाजाराचे गाव, आज बारामती तालुक्यात आहे. (पारनेर तालुक्यातले सुपे वेगळे. उत्तरपत्रिकांत या दोघांची गल्लत पुष्कळदा दिसते.) १२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतले शेतकरी तिथे जमले, सावकार-दुकानदारांकडे त्यांनी वह्या आणि कर्जाची खते मागितली, ती जाळली आणि धान्याची दुकानेही लुटली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पोचले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला.

आता मुद्दा. मुद्दा म्हणजे विषयाचे नाव नव्हे. ‘कर्जबाजारीपणा’ हे नाव झाले, मथळा झाला. ‘शेतकऱ्याचे कर्ज घेतलेल्या पैशापेक्षा पुन्हा पुन्हा लिहून घेतलेल्या खतांमुळे जास्त वाढत होते’ हा मुद्दा झाला. फरक ओळखायची एक खूण आहे. मुद्द्याशी कोणी तरी वाद घालू शकले पाहिजे. ‘कर्जबाजारीपणा’शी कोण वाद घालणार? दुसऱ्या वाक्याला मात्र एखादा म्हणू शकेल की नाही, कर्ज मुळात लग्नकार्याच्या खर्चाने वाढत होते. वाद शक्य आहे म्हणूनच पुराव्याची गरज पडते. ज्या वाक्याला पुराव्याची गरजच नाही, ते परिच्छेदाच्या तोंडाशी ठेवले की पुढे काहीही लिहिले तरी चालते असे वाटू लागते. वर दिलेल्या उत्तराचे पहिले वाक्य तसलेच आहे. ‘१८७५ मध्ये उठाव केला.’ बरं, मग?

मुद्द्यात प्रश्नातला कळीचा शब्द आला पाहिजे, ही दुसरी खूण. प्रश्न कागदपत्रांबद्दल असेल तर खत, वही, हुकूमनामा यांपैकी काही तरी पहिल्या वाक्यात हवेच. परीक्षकाची खुशामत म्हणून हे करायचे नसते. तो शब्द लिहिला की पुढे वाहवत जाणे आपोआप अवघड होते. खतांविषयी बोलायचे ठरल्यावर अमेरिकेतल्या यादवी युद्धाकडे वळायला काही तरी निमित्त शोधावे लागते, आणि ते सापडत नाही.

पुराव्याच्या बाबतीत मुलांची अडचण तुटवड्याची नसते, उलट भरमसाट साठ्याची असते. वाचलेले सगळे वापरायचा मोह होतो. खतांच्या मुद्द्यासाठी हाताशी निदान चार गोष्टी आहेत : सावकारांचे चढे व्याजदर, रोख भरावा लागणारा सारा, कापसाच्या भावातली चढउतार, आणि १८५९ चा मुदतीचा कायदा. या चौघींतली कोणती घ्यायची? जी मुद्द्यातल्या नेमक्या शब्दाला भिडते ती. व्याजदर कर्जाविषयी सांगतो, खताविषयी नाही. सारा आणि कापूस, शेतकरी सावकाराच्या दारात का गेला ते सांगतात. तिथे गेल्यावर कागदावर काय झाले हे सांगत नाहीत. १८५९ चा कायदा मात्र थेट खताविषयीच आहे. त्यानुसार कर्जाचे साधे खत तीन वर्षांपुरतेच न्यायालयात चालणार होते. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, ही कायदा करणाऱ्यांची अपेक्षा होती. घडले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत करून घेऊ लागला, आणि मग व्याज त्या वाढलेल्या मुद्दलावर सुरू झाले.

म्हणजे चारांपैकी तीन गोष्टी बाजूला ठेवायच्या. इथेच बहुतेकांचा हात आखडतो. वाटते, एवढे पाठ केले आणि लिहायचेच नाही? पण त्या तीन गोष्टी वाया गेलेल्या नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, तो पुढे येईलच.

खरी कसोटी तिसऱ्या पायरीवर लागते. स्पष्टीकरण म्हणून सर्वांत जास्त लिहिले जाणारे वाक्य असे असते : ‘यावरून असे दिसून येते की खतांमुळे शेतकऱ्यांचे कर्ज वाढत होते.’ हा मुद्दाच पुन्हा लिहिला आहे, फक्त आधी ‘यावरून’ लावून. असे वाक्य खोडून पाहावे. परिच्छेदातून काहीच कमी झाल्यासारखे वाटले नाही, तर ते स्पष्टीकरण नव्हते. स्पष्टीकरणाने पुराव्यापासून प्रश्नापर्यंत पूल बांधायचा असतो आणि त्यासाठी स्वतःलाच एक प्रश्न विचारायचा : म्हणून काय? सावकार दर तीन वर्षांनी नवे खत करून घेत. म्हणून काय? म्हणून शेतकऱ्याच्या हाती नवा पैसा न येता देणे फुगत होते. म्हणून काय? म्हणून त्याच्या दृष्टीने कर्ज ही सावकाराने दिलेली रक्कम राहिली नव्हती, ती कागदावर वाढणारी गोष्ट झाली होती. म्हणून काय? म्हणून कागद नाहीसा झाला तर कर्जही नाहीसे होईल, असे त्याला वाटणे स्वाभाविक होते. आता आपण प्रश्नाच्या दारात आलो. इथे थांबायचे. आणखी एकदा ‘म्हणून काय’ विचारले तर १८७९ च्या कायद्यावर जाऊन पोचू, आणि तो प्रश्नात नाही.

माझ्या मते या रीतीचा सगळा जीव इथे आहे. उत्तर आटोपशीर होते ते शब्द मोजल्याने नव्हे. स्पष्टीकरणाचे वाक्य आधी मनात तयार असले तर कोणता पुरावा लागेल आणि कोणता लागणार नाही, हे तेच ठरवून देते. म्हणून लिहिताना क्रम मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण असा असला तरी विचार करताना तो उलटा धरावा. आधी ‘म्हणून काय’चे शेवटचे उत्तर ठरवावे, मग मागे येत पुरावा निवडावा, आणि मुद्दा सर्वांत शेवटी बांधावा. कच्च्या कामाच्या पानावर समासात त्या उत्तराचे चार-पाच शब्द लिहिले तरी पुरते : ‘कागद गेला की कर्ज गेले’.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या एका पेपरला तीन तासांत वीस प्रश्न असतात, दहा गुणांच्या प्रश्नाला दीडशे शब्द आणि पंधरा गुणांच्या प्रश्नाला अडीचशे. प्रश्नामागे सरासरी नऊ मिनिटे पडतात, दहा गुणांच्या प्रश्नाला सातच्या आसपास. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाल्याने मराठीतून लिहिणाऱ्यांपुढेही हेच गणित आले आहे. दीडशे शब्दांत पन्नास-पन्नास शब्दांचे तीन परिच्छेद बसतात. प्रस्तावना नाही, उपसंहार नाही. आपला प्रश्न त्या मापात लिहिला तर असा होईल :

‘शेतकऱ्याचे कर्ज प्रत्यक्ष घेतलेल्या पैशापेक्षा पुन्हा पुन्हा लिहून घेतलेल्या खतांमुळे जास्त वाढत होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खत तीन वर्षांपुरतेच चालणार असल्याने सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत करून घेत. हातात नवा पैसा न येता देणे फुगत होते. त्यामुळे खत नष्ट केले की कर्ज मिटेल, अशी शेतकऱ्याची समजूत झाली.

‘या खतामागे आता दिवाणी न्यायालयाचे बळ होते. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे येथे काळूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांना घरातून काढण्याचा हुकूमनामा मिळवला, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. देशमुखाचेही घर कागदाच्या जोरावर जाऊ शकते, तर आपले शेत सुरक्षित नाही, हे साध्या कुणब्याला कळून चुकले. म्हणून खतांबरोबर हुकूमनामेही लक्ष्य झाले.

‘उठावातील वर्तनही हेच सांगते. चौकशी आयोगाच्या मते खते व हुकूमनामे मिळवून नष्ट करणे हा जमावाचा हेतू होता. सावकाराने ते मुकाट्याने दिले, तिथे सहसा पुढे फारसे काही घडले नाही. राग केवळ सावकार या माणसावर असता, तर कागद हाती आल्यावर तो शमला नसता.’

तिन्ही परिच्छेदांची घडण एकच आहे, तरी ते एकसुरी वाटत नाहीत. कारण स्पष्टीकरणाची तऱ्हा दरवेळी वेगळी आहे. पहिल्यात कारणापासून परिणामाकडे जाणारी साखळी आहे. दुसऱ्यात एका गावच्या एका घटनेवरून बाकीच्यांनी काय धडा घेतला ते सांगितले आहे. तिसऱ्यात ‘तसे असते तर असे झाले असते’ ही उलटतपासणी आहे. तिसरी तऱ्हा मला सर्वांत आवडते, कारण ती एका वाक्यात दुसरी शक्यता बाजूला काढते. पण ती जपून वापरावी लागते. ‘शिवाजी महाराज आणखी दहा वर्षे जगले असते तर’ या थाटात ती गेली की पुरावा सुटतो आणि गप्पा सुरू होतात.

तिसऱ्या परिच्छेदात ‘चौकशी आयोगाच्या मते’ असे मुद्दाम लिहिले आहे. त्या तीन शब्दांना जागा दिली, कारण पुरावा कुणाच्या तोंडचा आहे हे इथे महत्त्वाचे आहे. साऱ्याची आकारणी या असंतोषाला कारणीभूत आहे का, हे तपासणे आयोगाच्या कामात होते. आयोगाने सरकारी साऱ्याला दोषमुक्त केले आणि बोट दाखवले सावकाराकडे. म्हणजे रोख सावकारी कागदांवर होता, हे सांगण्यात या साक्षीदाराचा स्वतःचा फायदा आहे. मग हा पुरावा टाकून द्यायचा का? नाही. जाळपोळ झाली ती वह्या-खतांची, हे सुप्याच्या घटनेतूनही दिसतेच. पण ‘साऱ्याचा काही संबंध नव्हता’ असा मुद्दा याच अहवालाच्या आधारे मांडायचा असेल, तर तो टिकणार नाही. नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने १९७२ मध्ये एका लेखात या उठावाचे रूढ चित्रच फुगवलेले आहे, असे म्हटले होते. पंधरा गुणांच्या उत्तरात चौथा परिच्छेद लिहायला वाव असेल तर हा मतभेद तिथे घ्यावा, आणि त्यालाही मुद्दा-पुरावा-स्पष्टीकरण हीच शिस्त लावावी. नुसते इतिहासकाराचे नाव फेकणे हा पुरावा होत नाही. त्याचे म्हणणे काय आणि त्याने आपल्या उत्तरात काय बदलते, हे आले पाहिजे.

आता बाजूला ठेवलेल्या त्या तीन गोष्टी. प्रश्न जरा फिरवून विचारला, ‘दख्खनमध्ये उठाव १८७० च्या दशकातच का झाला?’, की खते मागे पडतात. सावकार आधीही होते, खतेही होती. मग याच सुमारास काय झाले? इथे कापूस लागतो. युद्धापूर्वी ब्रिटनला लागणाऱ्या कच्च्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश अमेरिकेतून येत असे. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू होऊन तो आटला, तेव्हा भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी दख्खनच्या शेतकऱ्याला सढळ हाताने कर्ज दिले. १८६५ मध्ये युद्ध संपले, मागणी उतरली आणि सावकाराचा हात आखडला. त्याच सुमारास तीस वर्षांच्या बंदोबस्ताची मुदत संपून नवी आकारणी सुरू झाली आणि सारा चांगलाच वाढला. म्हणून काय? म्हणून ज्या वेळी शेतकऱ्याला सारा भरण्यासाठी कर्जाची सर्वांत जास्त गरज होती, नेमक्या त्याच वेळी कर्ज मिळेनासे झाले आणि जुने मात्र वसूल होऊ लागले. ही माहिती सगळी मघाचीच. प्रश्न बदलला तेव्हा स्पष्टीकरण बदलले आणि त्याने वेगळा पुरावा मागवून घेतला. तयार निबंध पाठ करणारा विद्यार्थी इथे अडकतो, कारण त्याच्याजवळ एकच गठ्ठा असतो आणि तो प्रत्येक प्रश्नाला तोच सोडतो.

मुद्दा-पुरावा-स्पष्टीकरण सगळीकडे चालवायचे असे मात्र नाही. दहावीच्या पेपरात ‘टीपा लिहा’ असे आले की तिथे माहितीच मागितलेली असते; ओढूनताणून मुद्दे काढले तर दोन गुणांसाठी सात गुणांचे श्रम होतात. ‘विधान सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नात विधान म्हणजे मुद्दा आयता दिलेलाच असतो, तो पुन्हा लिहून शब्द दवडू नयेत. थेट पुराव्याने सुरुवात करावी. घटनाक्रम सांगायचा असेल तर ‘आधी काय, मग काय’ हा धागाच पुरतो. आणि ‘कोणते कारण अधिक महत्त्वाचे?’ असा तौलनिक प्रश्न असेल तर तीन सुटे परिच्छेद पुरत नाहीत. तिथे दुसऱ्या परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्याने पहिल्याशी हिशेब मांडावा लागतो, जसे ‘साऱ्याने शेतकऱ्याला सावकाराच्या दारात आणले, पण तिथे त्याला अडकवून ठेवले ते खताने.’

आणखी एक धोका नोंदवून ठेवतो. रीत अंगवळणी पडली की परिच्छेदामागून परिच्छेद ‘याचे एक कारण म्हणजे’, ‘उदाहरणार्थ’, ‘यावरून स्पष्ट होते’ या तीन खुंट्यांना टांगले जातात. परीक्षकाला खुंट्याच दिसू लागतात. त्या काढून टाकल्या तरी वाक्ये एकमेकांना धरून राहतात का, हे बघावे. वरच्या नमुन्यात ‘उदाहरणार्थ’ कुठेच नाही. करड्याची घटना ‘डिसेंबर १८७४’ म्हणून सरळ सुरू होते आणि उदाहरण आहे हे वाचणाऱ्याला कळते.

शिक्षकांना आणि घरी मुलांचे उत्तर वाचणाऱ्या पालकांना एक सुचवावेसे वाटते. तांबड्या शाईने ‘सविस्तर लिहा’ हा शेरा देणे काही काळ बंद करून पाहा. त्या शेऱ्याने मुलगा आणखी चार घटना जोडतो, एवढेच होते. त्याऐवजी पुराव्याच्या वाक्याखाली रेघ मारा आणि समासात ‘म्हणून काय?’ लिहा. सरावासाठी हा प्रश्न द्या : १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत न्यायालयांना खतावरच्या आकड्यावर विसंबून न राहता मूळ व्यवहार तपासण्याची मुभा का दिली? पुरावा वर येऊन गेलेला आहे. मुद्दा आणि स्पष्टीकरण मुलाला स्वतः लिहू द्या, पन्नास शब्दांत.